मेसेज आत्ताचा, वेळ आदल्या रात्रीची

आलेल्या मेसेजशेजारी दिसणारी वेळ मेसेजमध्ये जशीच्या तशी लिहिलेली असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मेसेजसोबत प्रवास करतो तो एक क्षण. जगात कुठेही एकच असणारा हा क्षण जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये मोजता येतो. सकाळचे दहा की रात्रीचे साडेनऊ, हे मेसेज उघडणारे यंत्र ठरवते. आपल्याला कोणता टाइम झोन दिला आहे ते पाहून ते त्या क्षणात तास-मिनिटे मिळवते किंवा वजा करते आणि येणारे उत्तर पडद्यावर दाखवते. भारतासाठी हा फरक साडेपाच तासांचा आहे. यूटीसीनुसार साडेचार वाजलेले असतात तेव्हा भारतात दहा वाजतात.

म्हणजे यंत्राजवळ दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात: एक चालणारे घड्याळ आणि एक टाइम झोनची नोंद. कोपऱ्यात दिसणारी वेळ या दोन्हींच्या बेरजेतून येते. बेरीज बरोबर असली की दोन्ही बरोबर असतील असे वाटते. पण तसे असेलच असे नाही, आणि मेसेजच्या वेळांचे बरेचसे घोटाळे इथेच जन्मतात.

एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. पुण्यातल्या एका कार्यालयात लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकली. टाकताना टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, म्हणजे पॅसिफिकचा, राहून गेला. कोपऱ्यातले घड्याळ भलतीच वेळ दाखवू लागले. वापरणाऱ्याने बहुतेक जण करतील तेच केले. आपोआप वेळ जुळवण्याची सोय बंद केली आणि हाताने भारतातली वेळ भरली. घड्याळ बरोबर दिसू लागले आणि विषय संपला असे वाटले. टाइम झोनला मात्र कोणी हात लावला नव्हता.

जून महिन्यात पॅसिफिकची वेळ यूटीसीच्या सात तास मागे असते. मंगळवार, 11 जून 2024 रोजी सकाळी दहा वाजता शेजारच्या टेबलावरून या लॅपटॉपवर ईमेल आली. तिच्यातला क्षण यूटीसीनुसार साडेचारचा होता. लॅपटॉपने त्यातून सात तास वजा केले आणि वेळ दाखवली सोमवार रात्री साडेनऊची. कोपऱ्यातले घड्याळ दहा दाखवत असताना नुकतीच आलेली ईमेल ‘काल’च्या गठ्ठ्यात जाऊन बसली. प्रत्येक येणाऱ्या ईमेलचे असेच झाले. सगळ्याच नेमक्या साडेबारा तास मागे.

बाहेर जाणाऱ्या ईमेलचे झाले ते याच्या उलट, आणि ते जास्त त्रासाचे. संगणकात बसवलेल्या ईमेल प्रोग्रॅममधून पत्र पाठवले की त्यावर तारीख-वेळ सहसा तो संगणकच लिहितो. या लॅपटॉपच्या समजुतीप्रमाणे पॅसिफिकचे सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे यूटीसीनुसार संध्याकाळचे पाच. ज्याला ईमेल मिळाली त्याच्या ठीकठाक संगणकाने या वेळेत साडेपाच तास मिळवले आणि दाखवले रात्रीचे साडेदहा. दिवस अजून उजाडून काही तासच झालेले, आणि ईमेल त्याच दिवशी रात्रीची. अनेक प्रोग्रॅम याच वेळेनुसार यादी लावतात. अशा यादीत ही एक ईमेल दिवसभर सर्वांत वर ठाण मांडून बसते आणि नव्या येणाऱ्या तिच्याखाली जमत राहतात. उत्तर आले तर ते मूळ पत्राच्या आधी लिहिल्यासारखे दिसते.

यात एक जास्तीची गंमत आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. पॅसिफिकवर ठेवलेला लॅपटॉप ते इमानेइतबारे पाळतो. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये पुण्यातल्या त्या घड्याळाने अचानक एक तास मागे उडी मारली. भारतात घड्याळे अशी मागेपुढे करण्याची पद्धत नाही, म्हणून वापरणाऱ्याला घड्याळच बिघडले असे वाटले. त्याने ते पुन्हा हाताने पुढे केले आणि साडेबारा तासांची चूक साडेतेरा तासांची झाली. भारतात बसलेले घड्याळ मार्चमध्ये किंवा नोव्हेंबरमध्ये आपणहून तासभर सरकले, तर आधी टाइम झोन तपासावा.

पाठवणाऱ्याच्या यंत्राची चूक ईमेलच्या पोटात वाचता येते. जवळजवळ प्रत्येक ईमेल प्रोग्रॅममध्ये मूळ मजकूर किंवा हेडर पाहण्याची सोय असते. वरच्या उदाहरणातल्या ईमेलच्या हेडरमधल्या दोन ओळी, पहिली थोडक्यात, अशा दिसतील:

```
Received: by mail.example.com; Tue, 11 Jun 2024 04:30:07 +0000
Date: Tue, 11 Jun 2024 10:00:00 -0700
```

खालची `Date` ची ओळ पाठवणाऱ्या संगणकाने लिहिलेली आहे. वरची `Received` ची ओळ वाटेतल्या सर्व्हरने, ईमेल हातात पडल्या क्षणी टाकलेली आहे. शेवटचा आकडा यूटीसीपासूनचे अंतर सांगतो. भारताची वेळ असती तर तिथे `+0530` दिसले असते. पहिली ओळ साडेचारची, दुसरी सात तास मिळवून पाचची. ईमेल पाठवण्याआधीच पोचली, असा या दोन ओळींचा अर्थ होतो. सर्व्हरची घड्याळे नेटवरून सतत जुळवली जातात, म्हणून अशा वेळी चूक `Date` मध्येच असल्याचे धरून चालायला हरकत नाही. पुण्यात बसलेल्या माणसाच्या ईमेलवर `-0700` दिसणे, हा तर उघड पुरावाच.

अशा ईमेलला आणखी एक धोका असतो. स्पॅम पाठवणारे कधीकधी यादीत वर राहण्यासाठी मुद्दाम पुढची वेळ घालतात, म्हणून गाळण्या या तफावतीकडे लक्ष ठेवून असतात. SpamAssassin या प्रसिद्ध गाळणीत `DATE_IN_FUTURE_12_24` नावाचा एक नियमच आहे. बारा ते चोवीस तास पुढची तारीख असलेल्या ईमेलला तो संशयाचे गुण देतो. साडेबारा तासांची चूक नेमकी त्यात सापडते.

ब्राउझरमध्ये ईमेल उघडून तिथूनच पाठवणाऱ्यांना हा दुसरा त्रास सहसा होत नाही, कारण तिथे वेळेचा शिक्का सर्व्हर मारतो. आलेल्या ईमेलच्या वेळा मात्र तिथेही चुकू शकतात. ब्राउझर टाइम झोन शेवटी संगणकाकडूनच घेतो.

चूक कोणाची, हे ओळखायला फार खटाटोप लागत नाही. एकाच माणसाचे मेसेज चुकीच्या वेळेचे आणि बाकी सगळ्यांचे बरोबर असतील, तर घोटाळा त्या माणसाच्या यंत्रात आहे. सगळ्यांचेच चुकत असतील, पण तेच मेसेज दुसऱ्या फोनवर नीट दिसत असतील, तर घोटाळा आपल्याकडचा. मग फरक मोजावा. तो तासात किंवा अर्ध्या तासात नेमका बसत असेल, तर टाइम झोनवर संशय घ्यावा. आलेल्या मेसेजची वेळ नेमकी साडेपाच तास मागे दिसत असेल, तर यंत्र भारताऐवजी यूटीसीवर ठेवलेले असण्याची शक्यता मोठी. फरक सतरा मिनिटे किंवा तीन तास बेचाळीस मिनिटे असा वेडावाकडा असेल, तर घड्याळच वाहवत गेले आहे किंवा हाताने भरताना चुकले आहे.

फोनमध्ये हीच चूक प्रवासात होते. दुबईची वेळ भारताच्या दीड तास मागे आहे. फोनचा टाइम झोन आपोआप बदलण्याची सोय बंद असली, तर दुबईत उतरल्यावरही तो भारताचीच वेळ दाखवत राहतो. काही जण मग काटे दीड तास मागे घेतात. घरून दहाला निघालेला ईमेल तरीही दहाचाच दिसतो, पण फोनच्या घड्याळात मात्र साडेआठ वाजलेले असतात. मेसेज दीड तास पुढून आल्यासारखा वाटतो. टाइम झोन दुबईचा केला असता तर घड्याळ आणि मेसेज दोन्ही साडेआठ दाखवत राहिले असते. व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप या बाबतीत जास्त सावध आहेत. फोनची तारीख फारच चुकलेली दिसली, तर व्हॉट्सअ‍ॅप आधी ती दुरुस्त करायला सांगते.

एसएमएसचा मामला थोडा निराळा आहे. त्यावर वेळ पाठवणारा फोन घालत नाही, मोबाइल कंपनीचे एसएमएस केंद्र घालते. सोबत टाइम झोनही पाव तासांच्या हिशेबात जातो. भारतासाठी तो आकडा बावीस येतो. शिवाय अँड्रॉइड फोन दोन वेळा नोंदवतो: मेसेज निघाल्याची आणि फोनमध्ये पोचल्याची. यादीत बहुधा पोचल्याची वेळ दिसते. रात्रभर बंद असलेला फोन सकाळी सुरू केला की रात्रीचे सगळे एसएमएस एकाच मिनिटाला आल्यासारखे दिसतात, ते यामुळे. यात घड्याळ बिघडलेले नसते. मेसेजचा तपशील उघडला तर निघाल्याची वेळ सापडते.

जानेवारी 1970 मधले मेसेज हा आणखी वेगळा प्रकार. बऱ्याच संगणक प्रणाली 1 जानेवारी 1970, यूटीसीची मध्यरात्र, या क्षणापासून सेकंद मोजत वेळ ठेवतात. वेळेची नोंद हरवली की तिथे शून्य उरते आणि भारतातल्या पडद्यावर 1 जानेवारी 1970, पहाटेचे साडेपाच उमटते. तोच मेसेज अमेरिकेत 31 डिसेंबर 1969 चा दिसतो. जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, तरी वीज गेल्यावर घड्याळ असेच वर्षानुवर्षे मागे पडते. तेव्हा बहुतेक वेबसाइटही सुरक्षेचा इशारा देऊन उघडायला नकार देतात, कारण त्यांची प्रमाणपत्रे त्या तारखेला अजून लागूच झालेली नसतात.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी टाइम झोन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` असा निवडावा, मग `Set time automatically` सुरू करून `Sync now` दाबावे. टाइम झोन चुकीचा ठेवून नुसती वेळ आपोआप जुळवली, तर घड्याळ पुन्हा भलतेच दिसू लागते आणि माणूस परत हाताने वेळ भरायला बसतो.

झोन आणि घड्याळ दोन्ही जागेवर आले की आलेल्या ईमेलच्या वेळा सहसा मागच्यासकट आपोआप सुधारतात, कारण त्यांच्यातला क्षण कधी चुकलेलाच नव्हता. त्या काळात पाठवलेल्या ईमेलवर मात्र चुकीची `Date` कायमची छापली गेलेली असते. ती पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही पेटीत तशीच राहते. निविदा मुदतीत पोचली होती का, राजीनामा कोणत्या दिवशी दिला, असा वाद निघाला तर `Received` च्या ओळी पाहाव्या लागतात. त्या खालून वर वाचायच्या असतात, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सर्वांत वर जोडतो. त्यांतही भरवशाची ओळ घेणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरने टाकलेली. तिच्याखालच्या ओळी पाठवणाऱ्याला बनावट घालता येतात.