मामाचे दुकान आणि दाण्याचा कूट

तालुक्याच्या गावात बी.कॉम. झालेल्या मुलाला नोकरी नसेल आणि मामाचे किराणा दुकान असेल, तर त्याने शेजारी दुसरे दुकान थाटू नये. मामाच्याच गल्ल्यासमोर खपेल अशी एक वस्तू त्याने तयार करावी. माझ्या मते सुरुवातीला सर्वांत योग्य वस्तू म्हणजे दाण्याचा कूट. भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत तो रोज लागतो, आणि दाणे भाजून सोलायला अनेक घरांत आता वेळ नसतो.

समजा, 130 रुपये किलोने 10 किलो दाणे घेतले. निवडताना, भाजताना आणि साले पाखडताना घट होते. ती एक किलो धरली, तर 9 किलो कूट, म्हणजे पाव किलोच्या 36 पुड्या होतात. दाण्यांचे 1300, पिशव्या-लेबलांचे 108 आणि गॅस-विजेचे 60 मिळून खर्च 1468 रुपये. छापील किंमत 60 ठेवली आणि मामाला पुडीमागे 9 रुपये दिले, तर हातात 51 येतात. सगळ्या पुड्या खपल्या की 368 रुपये उरतात. चारच पुड्या पडून राहिल्या, तर उरतात 164. नफा विक्रीच्या शेवटच्या काही पुड्यांत असतो, म्हणून खेप लहान हवी.

पुड्या पडून राहणे महागात जाते, कारण कूट अख्ख्या दाण्यांपेक्षा लवकर खवट होतो. दळल्यावर दाण्यातले तेल हवेला उघडे पडते. मिक्सर सलग फिरवला तर कूट तापून तेल सुटते, म्हणून थांबत थांबत फिरवावा. गरम कूट पिशवीत भरला तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी लागलेले दाणे तर आधीच फेकायला हवेत. बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्ण जात नाही. प्रत्येक खेपेतली एक पुडी बाजूला ठेवून दर आठवड्याला तिचा वास घ्यावा, चव पाहावी. आपला कूट किती दिवस टिकतो, हे त्यावरूनच कळेल.

विक्रीआधी अन्नसुरक्षा नोंदणी करावी लागते. छोट्या उत्पादकाला तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. पुडीवर नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, नाव-पत्ता आणि हिरवी खूण हवी. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी सूचनाही हवी.

खरी अडचण नात्यात येते. मामा गिऱ्हाइकाला उधारी देतो आणि भाच्याचे पैसे अडकतात. गिऱ्हाइकाची उधारी मामाच्या वहीत राहील आणि भाच्याचा हिशेब दर रविवारी रोखीने होईल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. भाचा म्हणून मामाचे कमिशनही कमी करू नये. 15 टक्के देऊन धंदा परवडत नसेल, तर दुसरा कोणताही दुकानदार तो माल ठेवणार नाही.