नूतनीकरणाआधीचे पंचेचाळीस दिवस

आरोग्य विम्याचा प्रतिनिधी म्हणून मी काम करतो. समोरच्याने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली की आमच्यातले बरेचजण त्याचं नाव खोडून टाकतात. मी त्या दिवशी वहीत तीन गोष्टी लिहितो: पॉलिसी कोणत्या तारखेला सुरू झाली, आपल्याला नकार का मिळाला, आणि घरात कुणाला कोणता आजार आहे. यातली तारीख सर्वांत महत्त्वाची.

ऑक्टोबर 2011 पासून आपल्याकडे आरोग्य विमा पोर्ट करता येतो. म्हणजे कंपनी बदलली तरी आधीच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षाकाळातला जेवढा काळ पूर्ण झाला असेल, तो वाया जात नाही. मात्र हे नूतनीकरणाच्या वेळीच करता येतं, आणि त्यासाठी अर्ज किमान 45 दिवस आधी द्यावा लागतो असं धरूनच चालावं. पॉलिसी संपायच्या आठवड्यात फोन करणारा प्रतिनिधी म्हणूनच हात हलवत परततो; तोवर ग्राहकाने जुन्याच कंपनीत पैसे भरलेले असतात.

एका शिक्षकांचं उदाहरण सांगतो. त्यांनी 5 लाखांची कुटुंब पॉलिसी दुसरीकडे घेतली, कारण तिचा हप्ता कमी होता. सुरुवात 14 नोव्हेंबर. मी किमतीवरून वाद घातला नाही. आठवड्याभराने एकच संदेश पाठवला: "सर, पॉलिसीसोबत आलेली प्रस्तावाची प्रत काढून बघा. तुमच्या रक्तदाबाची नोंद त्यात आहे ना? नसेल तर आजच कंपनीला लेखी कळवा." माझा यात काहीच फायदा नव्हता. पण आजार लपवला गेला असेल, तर पहिल्या पाच वर्षांत त्याच मुद्द्यावर दावा अडतो. नोंद खरंच राहिली होती. सरांनी ती दुरुस्त करून घेतली.

त्यानंतर सणावाराच्या शुभेच्छांची चित्रं मी पाठवली नाहीत. अशी चित्रं रोज पन्नास येतात, आणि पाठवणारा त्या गर्दीत हरवतो. मार्चमध्ये सरांचाच फोन आला. पत्नीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं आणि दाव्याचे पैसे कमी मिळाले होते. मी कागद मागवून घेतले. पॉलिसीत खोलीभाड्याला विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपयांची मर्यादा होती. त्यांनी घेतली 8,000 ची खोली. अशा वेळी कंपनी फक्त खोलीतला फरक कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांश देते. या बाबींचे 80,000 झाले होते, मिळाले 50,000. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, तिथे कंपनीने पैसे बरोबर दिले होते. कपात नियमाला धरूनच होती, आणि मी तसंच सांगितलं. "तुमची कंपनी वाईट आहे" म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं असतं. शिवाय ती निवड त्यांची स्वतःची होती, तिच्यावर बोट ठेवलं की माणूस दुखावतो.

पुढचा फोन मी केला ऑगस्टच्या अखेरीस. 14 नोव्हेंबरच्या 45 दिवस मागे गेलं की 30 सप्टेंबर येतो, आणि कागद जमवायलाही दोन-तीन आठवडे लागतात. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी दाखवली. हप्ता जास्त आहे हे आधी सांगितलं. सरांनी कमिशनमधून काही सूट मिळेल का, असं विचारलं. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 41 त्याला मनाई करतं, तेही सांगितलं. अर्ज 12 सप्टेंबरला गेला. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी मोडू नका, हे मी दोनदा बजावलं, कारण नवी कंपनी पोर्टचा अर्ज नाकारू शकते. रक्कम 5 वरून 10 लाख केल्यामुळे वाढलेल्या 5 लाखांना प्रतीक्षाकाळ नव्याने लागू होणार होता. तेही कागदावर लिहून दिलं.

त्याच वहीत एका ताईंचं नाव आहे. त्यांची तारीख आली तेव्हा महिन्याभरापूर्वीच त्यांना मधुमेहाचं निदान झालं होतं. नवी कंपनी अर्जच नाकारण्याची किंवा हप्ता वाढवण्याची शक्यता मोठी होती. जुन्या कंपनीला मात्र केवळ नवा आजार झाला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. मी म्हणालो, "ताई, आहे तिथेच राहा, आणि हप्त्याची तारीख चुकवू नका." हप्ता भरायच्या आठवड्यात त्यांना आठवणीचा फोन मीच केला. आता त्यांच्या नावापुढे पुढच्या वर्षीची तारीख लिहिलेली आहे.