तुरुंगातून वकिलाला लिहायचे पत्र

‘साहेब, मी निर्दोष आहे. घरी म्हातारी आई आहे, पोरांची शाळा सुटली. मला सोडवा.’ शिक्षा झालेला माणूस वकिलाला पत्र लिहायला बसला की अनेकदा आधी हेच कागदावर उतरते. त्यातला शब्द न् शब्द खरा असेल, पण एवढ्यावर वकिलाला अपील दाखल करता येत नाही. त्याला आधी हवा असतो खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकच्या सत्र न्यायालयाने एकाला खुनाच्या प्रयत्नासाठी, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या कलम 307 खाली, सात वर्षे सक्तमजुरी आणि दहा हजार रुपये दंड सुनावला. निकाल 10 फेब्रुवारी 2025 चा. त्याच दिवशी त्याला नाशिकरोड कारागृहात पाठवले. त्याचे पत्र असे असावे:

‘आदरणीय वकीलसाहेब, मला उच्च न्यायालयात अपील करायचे आहे. माझे पूर्ण नाव, बंदी क्रमांक, सत्र खटल्याचा क्रमांक आणि न्यायाधीशांचे नाव वर लिहिले आहे. अटक जून 2021 मध्ये झाली. जानेवारी 2022 पासून निकालापर्यंत जामिनावर होतो, एकही तारीख चुकवली नाही. दंड भरलेला नाही. घरच्यांनी दुसरा वकील दिलेला नाही, आधी अपील केलेले नाही. निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी 3 मार्चला अर्ज केला, नक्कल 13 मार्चला तयार झाली. जखमीने दवाखान्यात डॉक्टरांना मारणारे अनोळखी असल्याचे सांगितले होते, तसे केसपेपरवर आहे. कोर्टात मात्र त्याने माझे नाव घेतले. अपिलासोबत जामिनाचा अर्जही करावा, ही विनंती.’

अर्ध्या पानात सगळे आले. जामिनावर असताना तारखा पाळल्या, हे वाक्य फार कामाचे आहे. अपील दाखल झाले म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. शिक्षा स्थगित करून जामीन द्यावा, असा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि हा माणूस पळून जाणार नाही हे तिथे पटवावे लागते. केसपेपरची ओळही तशीच. ‘साक्षीदार खोटे बोलला’ असे म्हणण्यापेक्षा तो कुठे काय बोलला, हे वकिलाच्या उपयोगाचे. मात्र तुरुंगातली पत्रे अधिकाऱ्यांच्या हातून जातात. गुपित असेल ते कागदावर न लिहिता वकिलाच्या भेटीत सांगावे.

आता मुदत. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला 60 दिवस मिळतात, फाशीची शिक्षा असेल तर 30. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायलाही 30 दिवसच. निकालाचा दिवस मोजायचा नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात 60 वा दिवस 11 एप्रिलचा. पण नक्कल मिळवायला लागलेला वेळही मुदतीतून वगळतात. 3 ते 13 मार्च हे 11 दिवस वजा केले की मुदत 22 एप्रिलपर्यंत जाते. इथेच पुष्कळांचा घोळ होतो: अर्ज करण्याआधी वाया गेलेले दिवस सुटत नाहीत.

तरी मुदत टळली म्हणून हात टेकू नयेत. विलंब माफीचा अर्ज करता येतो, फक्त उशीर का झाला ते पटेल असे सांगावे लागते. ‘मी गरीब आहे’ यापेक्षा नक्कल कधी मिळाली, दुसऱ्या तुरुंगात कधी हलवले, आजारपणात कुठे दाखल होतो, हे तारखांसह लिहावे. या नोंदी तुरुंगाच्या दप्तरात असतात.

वकील ठरेपर्यंत थांबणे परवडत नसेल, तर कैद्याला अपिलाचा अर्ज थेट तुरुंगाधिकाऱ्याकडे देता येतो. तो योग्य न्यायालयाकडे पाठवणे अधिकाऱ्याला कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज दिल्याची तारीख टाकून पोच मात्र मागून घ्यावी.

नकलेचा हा हक्क कागदावर राहू नये म्हणून 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात स्पष्ट बजावले: कैद्याला निकालाची नक्कल मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, तुरुंगाने त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर अपिलासाठी तो दिला पाहिजे. पुढे 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क दिला.

आणखी एक भीती बराकीत फिरते: अपील केले तर शिक्षा वाढेल. कैद्याच्या स्वतःच्या अपिलात ती वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला वेगळे अपील करावे लागते.

आपला माणूस आत असेल तर खटल्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख एका कागदावर लिहून जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात आजच नेऊन द्या. जाणे जमत नसेल तर 15100 या मदत क्रमांकावर फोन करा.