गंमत की गंभीर? लेखी उत्तराच्या सुराविषयी काही गैरसमज

समजा, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मावशीने लिहिले, "यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन करायचे ठरते आहे. कुणाला अनुभव आहे का?" पहिले उत्तर भाच्याचे येते: "वा! म्हणजे पुढच्या वर्षी काका मॅरेथॉन पळणार!" भाच्याने ते प्रेमाने लिहिले होते, मावशीने ते काळजीने भरलेल्या रात्री वाचले. त्यानंतर दोन दिवस गटावर कुणीच काही लिहीत नाही.

गैरसमज : आपला सूर वाचणाऱ्याला कळतोच.

लिहिणाऱ्याला तो कळतो, कारण लिहिताना त्याच्या मनात आवाज चालू असतो. "हो का?" हे दोन शब्द घ्या. 'हो' लांबवून वर नेला तर कौतुक, 'का' झटकून टाकला तर टोमणा, सपाट म्हटले तर साधी चौकशी. कागदावर तिन्ही सारखेच दिसतात. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही वाक्ये उपरोधाने आणि काही गंभीरपणे पाठवायला सांगितली होती. सुमारे 78 टक्के वेळा आपला सूर ओळखला जाईल, असे पाठवणाऱ्यांना वाटत होते. आवाजातून तो सुमारे 73 टक्के वेळा ओळखला गेला, ईमेलमधून मात्र अवघा 56 टक्के. नाणे उडवून अंदाज केला तरी निम्मे बरोबर येतात, हे लक्षात घेतले म्हणजे 56 किती थोडे ते कळते.

मराठीत आवाजाचे थोडे काम छोटी अव्यये करतात. "उद्या लवकर या" यात हुकूम ऐकू येतो, "उद्या लवकर या हं" यात जिव्हाळा. "ते उद्या येणार" ही माहिती झाली, पण "ते म्हणे उद्या येणार" यात ऐकीव बातमीबरोबर अविश्वासही डोकावतो. घाईत टाइप करताना हीच अक्षरे आधी गळतात आणि उत्तर कोरडे होते.

गैरसमज : 'तुम्ही' म्हणजे गंभीर, 'तू' म्हणजे खेळकर.

सूर ठरतो तो नेहमीची रीत बदलल्यामुळे. एरवी 'अरे-तुरे' करणाऱ्या मित्राने अचानक "आपण फारच थोर आहात" असे लिहिले, तर तो आदर नव्हे. ती एक तर थट्टा असते, नाही तर राग. कोणती, ते त्या दोघांच्या नात्यावर ठरते. याउलट सासूबाईंना 'अहो आई' म्हणणाऱ्या सुनेचे 'तुम्ही' अगदी हसतखेळत असू शकते. म्हणून गंभीर उत्तर देताना नेहमीचेच संबोधन ठेवावे.

गैरसमज : 'ही गंमत आहे' असे सांगितले की गंमत संपते.

1982 च्या सप्टेंबरात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात एका लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टेची सूचना संगणकाच्या सूचनाफलकावर फिरली आणि काहींनी ती खरी मानली. त्यानंतर स्कॉट फालमन यांनी विनोदासाठी `:-)` ही खूण सुचवली. त्याच संदेशात विनोद नसलेल्या मजकुरासाठी `:-(` ही सुचवली होती, हे फारसे सांगितले जात नाही. म्हणजे दोन्ही सूर सांगण्याची गरज तेव्हाच ओळखली गेली होती. मराठी नेटकऱ्यांनी 'हलके घ्या'चे 'ह. घ्या.' केले, आणि इंग्रजी 'लाइट'वर कोटी करत 'दिवे घ्या'ही रूढ केले. या खुणांनी विनोद मेला नाही.

पण खूण सगळे धुऊन काढत नाही. थट्टेत ज्याची थट्टा होते तोही हसणाऱ्यांत असतो. टिंगलीत आणि कुचेष्टेत तो एकटा पडतो. कुणाचा रंग, पगार, न झालेले लग्न किंवा मूल नसणे यावर बोलून पुढे 'ह. घ्या.' जोडले, तर दुखावलेल्या माणसावरच हसण्याची सक्ती होते. माझ्या मते हा त्या दोन अक्षरांचा सर्वांत वाईट वापर आहे.

सूर सांगण्याची सुरुवात विचारणाऱ्याकडून होऊ शकते. मावशीने "मनापासून विचारते आहे, अनुभव असेल त्यांनीच लिहा" असे म्हटले असते, तर भाचा थांबला असता. गंमत चालणार असेल तर तेही लिहावे: "काकांचा मूड हलका करायचाय, येऊ द्या किस्से." असे काही सांगितलेले नसेल, तर आजार, पैसा, नोकरी आणि मृत्यू या विषयांवर उत्तर गंभीरच धरावे. भाच्याला तरीही विनोद करायचाच होता, तर क्रम बदलायला हवा होता: "मावशी, माझ्या मित्राच्या वडिलांचे झाले आहे, त्यांचा नंबर पाठवतो. काकांना कधी भेटायला येऊ?" मॅरेथॉनची गोष्ट मग काकांसमोर बसून, त्यांचा चेहरा पाहून.

आणि सूर चुकलाच, तर "मी गंमत केली होती, तुला कळली नाही" असे लिहू नका. "मावशी, चुकलो. काकांची काळजी मलाही आहे" एवढेच लिहा, आणि शक्य असेल तर लिहिण्याऐवजी फोन करा.