अडकलेले काम मालकाच्या कानावर केव्हा जावे?

ग्राहक काम टाकून जातो, कारागीर "होऊन जाईल" म्हणतो आणि पंधरा दिवसांनी ग्राहक भांडायला आल्यावर मालकाला पहिल्यांदा कळते की काम अजून तसेच पडून आहे. हे टाळायचे तर "किती दिवस थांबलेले काम आपोआप वरच्या माणसाकडे जाईल" हे आधीच ठरवून ठेवावे लागते.

सरकारी कामकाजात ही पद्धत कायद्याने आली आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात उत्तरासाठी साधारणपणे 30 दिवसांची मुदत आहे. पण प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर तीच मुदत 48 तासांवर येते. मुदत टळली की अर्जदाराला वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यातही प्रत्येक सेवेला मुदत आणि वरचा अधिकारी नेमून दिला आहे. आपल्या दुकानात मात्र ग्राहकाला अपील करायला लावू नये. मुदतीची आठवण दुकानानेच ठेवावी.

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावात मोटार रिवाइंडिंगचे एक दुकान आहे असे समजू. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती येथे आणतो. मुदत किती ठेवावी हे मनाने ठरवू नये, जुन्या पावत्या काढाव्यात. समजा, 20 पावत्या पाहिल्या. 10 मोटारी एका दिवसात गेल्या, 6 दोन दिवसांत, 2 तीन दिवसांत, एक आठ दिवसांनी आणि एक सोळा दिवसांनी. सरासरी काढली तर 2.6 दिवस येते. पण ही सरासरी फसवी आहे. दोन मोटारींनी ती फुगवली असून सोळा दिवस थांबलेला शेतकरी तिच्यात दिसतच नाही. खरी उपयोगाची गोष्ट ही की 20 पैकी 18 मोटारी तीन दिवसांच्या आत गेल्या. म्हणून ग्राहकाला तीन दिवसांचा वायदा करता येतो.

मालकाला मात्र तिसऱ्या दिवशी कळून उपयोग नाही, कारण तेव्हा हातात वेळच उरत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जी मोटार तयार नसेल तिची पावती मालकाकडे जावी. वरील हिशोबात अशा 4 पावत्या निघतात. त्यांकडे मालक नीट लक्ष देऊ शकतो. हीच मुदत एका दिवसाची ठेवली असती तर 10 पावत्या वर गेल्या असत्या. निम्मे काम मालकाकडे येऊ लागले की तो पावत्या पाहणेच सोडून देतो. शिवाय वार्निश वाळायला लागणारा वेळ दटावून कमी होत नाही.

सगळ्या मोटारींना एकच मापही लावू नये. उभ्या गव्हाला पाणी द्यायचे आहे आणि दुसरी मोटार नाही, अशा शेतकऱ्याची पावती वेगळ्या रंगाची करावी आणि तयार नसल्यास ती त्याच संध्याकाळी मालकाकडे जावी. सुटीचा दिवसही मोजावा, कारण पीक सुटी घेत नाही.

दिवस मोजायला सुरुवात मोटार दुकानात उतरल्यापासून करावी. मोजणी थांबेल ती मोटार चालवून पाहून ग्राहकाला निरोप दिल्यावरच. नाहीतर कारागीर मोटार उघडून ठेवतो आणि "काम सुरू केले" असे सांगून मोकळा होतो. खर्चाला ग्राहकाची संमती हवी असेल तेवढे दिवस वगळता येतील, पण निरोप कोणत्या दिवशी दिला हे पावतीवर लिहिलेले असावे.

आणखी एक चूक सहज होते. पूर्ण झालेल्या पावत्याच मोजल्या तर कोपऱ्यात महिनाभर पडलेली मोटार हिशोबात येतच नाही, आणि आकडे चांगले दिसत राहतात. म्हणून बाकी पावत्या तारखेवार एका खिळ्याला लावाव्यात आणि रोज दुकान बंद करताना सर्वांत जुनी पावती किती दिवसांची आहे ते पाहावे.

पावती मालकाकडे आल्यावर त्याने नुसते ओरडून भागत नाही. त्याने त्याच संध्याकाळी काही तरी ठरवावे: तांब्याची तार किंवा बेअरिंग परभणीहून मागवणे, काम दुसऱ्या कारागिराकडे देणे, शेतकऱ्याला तात्पुरती मोटार देणे, किंवा "चार दिवस आणखी लागतील" असे स्पष्ट सांगणे. शेवटचा निरोप कडू असला तरी शेतकरी शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाण्याची सोय करू शकतो. दर तीन महिन्यांनी पावत्या पुन्हा मोजाव्यात. एकाच कारणाने पावत्या वारंवार वर येत असतील, उदाहरणार्थ तार संपणे, तर मुदत वाढवण्याऐवजी तारेचा साठा वाढवावा.