वडिलोपार्जित जमीन, परदेशातील वारस आणि बँकेचे दार

आमच्या बँकेच्या काउंटरवर दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, गावची जमीन विकली. मुलगा कुवेतला आहे. त्याच्या वाट्याचे पैसे तिकडे पाठवायचे, सरकार किती पाठवू देते?" या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अनिवासी भारतीयास वारसाने आलेल्या मालमत्तेच्या विक्रीचे पैसे एका आर्थिक वर्षात दहा लक्ष अमेरिकन डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. बुरोंडीतल्या आपल्या वाडीतील कोणाची गाडी या मर्यादेपाशी अडेल असे वाटत नाही. गाडी अडते ती कागदांपाशी, आणि ते कागद बँकेत नसतात. ते गावच्या ट्रंकेत किंवा दापोलीच्या तहसील कार्यालयात असतात.

समजण्यासाठी एक घर कल्पू. वडील बुरोंडीत वारले. मागे आई, कुवेतमध्ये नोकरी करणारा मुलगा आणि मुंबईत दिलेली मुलगी. मालमत्ता म्हणजे कुळकायद्याने मिळालेली तीस गुंठे शेतजमीन व वाडीतले घर. दोन्ही वडिलांच्या नावे, मृत्युपत्र नाही.

पहिला प्रश्न वाटणीचा. आपण बौद्ध असलो तरी आपणांस वारसाचा वेगळा कायदा नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा त्याच्या दुसऱ्या कलमानुसार बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे आई, मुलगा व मुलगी यांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा होतो. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचे नाव वगळण्याची चाल अजून आढळते. परंतु तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय तिचा हक्क सुटत नाही, आणि तिच्या सहीशिवाय झालेली विक्री पुढे कोर्टात जाते. मुलगा परदेशी आहे, एवढ्यावरून त्याचाही हक्क कमी होत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढले असले, तरीही वारसाने शेतजमीन त्याच्याकडे येऊ शकते. विकत मात्र त्याला शेतजमीन घेता येत नाही.

वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला व वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा (२०२४ पासून त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे आहे). मुदत तीन महिन्यांची आहे. फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला की सातबाऱ्यावर तिघांची नावे चढतात. घराची नोंद निराळी, ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये करून घ्यावी लागते. सातबारा झाला म्हणजे सारे झाले असे समजून पुष्कळजण घर तसेच सोडतात.

आता ज्या ठिकाणी आम्ही सर्वांत जास्त माणसे अडकलेली पाहिली ते सांगतो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात "कुळकायदा कलम ४३ ला पात्र" असा शेरा असतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी जी जमीन कसली, ती १९४८ च्या कुळकायद्याखाली त्यांना विकत मिळाली. त्या खरेदीचा पुरावा म्हणजे कलम ३२-म चे प्रमाणपत्र. अशी जमीन विकण्यास पूर्वी दर वेळी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीने, हे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर परवानगीची गरज उरली नाही. जमिनीच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा मात्र भरावा लागतो. आमच्या उदाहरणात आकार दोन रुपये दहा पैसे धरला तर नजराणा होतो चौऱ्याऐंशी रुपये! अठरा लाखांचा व्यवहार चौऱ्याऐंशी रुपयांच्या चलनासाठी थांबलेला असतो. हे चलन न भरता केलेला व्यवहार बेकायदेशीर ठरून जमीन सरकारजमा होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. खरी अडचण निराळीच असते: प्रमाणपत्र सापडत नाही. तेव्हा तहसील कार्यालयाच्या कुळकायदा शाखेत नक्कल मागावी. कधी असेही निघते की पैसे भरले, पण प्रमाणपत्र काढलेच नव्हते. मग दहा वर्षे मोजायची कोठून? म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी हा कागद शोधावा.

गिऱ्हाईकही कोणीही चालत नाही. शेतजमीन घेणारा महाराष्ट्राच्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी हवा, आणि विकणारा अनिवासी असल्यामुळे परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे घेणारा भारतात राहणारा हवा. कुवेतमधला आपलाच गाववाला मित्र, बुरोंडीत त्याची शेती असली तरी, ही जमीन घेऊ शकत नाही. वाडीतल्या घराला या अटी नाहीत.

मुलाला सहीसाठी येणे जमत नसेल तर त्याने आईला किंवा बहिणीला मुखत्यारपत्र द्यावे. ते कुवेतच्या भारतीय वकिलातीत सही करून साक्षांकित करावे, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मजकुरात गट नंबर, घर नंबर व 'विक्री करणे' हे शब्द स्पष्ट हवेत. नुसते 'मालमत्तेची देखभाल करणे' लिहिलेल्या मुखत्यारपत्रावर विक्रीचा दस्त होत नाही.

पैसे घेताना एक चूक फार होते. खरेदीदार सगळी रक्कम आईच्या खात्यात भरतो आणि 'नंतर वाटून घेऊ' असे ठरते. मुलाचा वाटा त्याच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातच यावयास हवा. गावी असताना उघडलेले साधे बचत खाते परदेशी गेल्यावर एनआरओ करून घ्यायचे असते, तेही पुष्कळांनी केलेले नसते. रोख तर घेऊच नये. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार व त्यावरील रोकड स्वीकारणे आयकर कायद्याने दंडनीय आहे.

आयकराबाबत आपल्या गावाला एक सवलत आपोआप मिळते. शहराच्या हद्दीपासून ठराविक अंतराबाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. दापोलीसारख्या लहान शहरासाठी हे अंतर दोन किलोमीटर आहे, आणि बुरोंडी त्याच्या पुष्कळ पलीकडे. तेव्हा अठरा लाखांतील मुलाचे सहा लाख करमुक्त. घर मात्र करपात्र आहे. ते नऊ लाखांना गेले तर मुलाचा वाटा तीन लाख, आणि खरेदीदाराने त्यातून साडेबारा टक्के व त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे एकोणचाळीस हजार कापून सरकारात भरायचे. "पन्नास लाखांच्या आत कपात नाही" असे खरेदीदार सांगतो. ती सूट विकणारा भारतात राहणारा असेल तरच आहे. खरा कर नफ्यावर असतो. १ एप्रिल २००१ रोजी घराची किंमत मूल्यांककाने एक लाख वीस हजार ठरवली, तर मुलाच्या वाट्याचे चाळीस हजार वजा जाऊन नफा दोन लाख साठ हजार, कर तेहतीस हजार आठशे. जादा कापलेले पाच हजार दोनशे विवरणपत्र भरून परत मिळतात. त्यासाठी पॅन कार्ड हवे.

शेवटी बँक. आम्ही मागतो ते मृत्यूचा दाखला, वारस फेरफार, विक्रीचा नोंदणीकृत दस्त, कर भरल्याचा पुरावा आणि चार्टर्ड अकाउंटंटचा दाखला. हा दाखला आणि त्यावरून आयकर खात्याच्या संकेतस्थळावर भरायचे निवेदन आजवर १५सीबी व १५सीए या नावांनी ओळखले गेले. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याबरोबर कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा चालू फॉर्मचा क्रमांक त्या दिवशी बँकेतच विचारावा. फेरफारावरचे मुलाचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव एक नसेल (एकीकडे वडिलांचे नाव मध्ये, दुसरीकडे नाही, कोठे आडनावच वेगळे) तर त्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. नाहीतर सगळी फाईल पुरी असूनही आम्हांला ती परत द्यावी लागते, आणि तोवर मुलाची रजा संपलेली असते.