धडधड आणि ‘टेन्शन’
छातीत एकाएकी धडधड सुरू होते आणि काही मिनिटांनी तशीच अचानक थांबते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल! डॉक्टर म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नका.’ पण एसव्हीटी या हृदयाच्या विकारात नेमकं असंच होतं. धडधड चालू असतानाच्या ईसीजीतच तो सापडतो. म्हणून प्रत्येक वेळी नाडीचे ठोके मोजून, वेळेसकट वहीत लिहा. ती वही पुढे ठेवून विचारा, ‘डॉक्टर, टेन्शन असेलही, पण झोपेतूनही धडधडीने जाग येते. होल्टर लावून बघू या का? थायरॉईड, हिमोग्लोबिनही तपासायचं का?’ होल्टर सहसा 24 ते 48 तासांचीच नोंद घेतो. त्रास महिन्यातून एकदाच होत असेल, तर जास्त दिवसांच्या मॉनिटरबद्दल विचारा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं, तर मात्र थेट इमर्जन्सीत जा.